लहान लेबलचं प्रिंट आणि कट कॉपी होतात, कायद्याने नेमकं काय वाचवता येतं?

शलाका_साळगाव

नमस्कार मंडळी. माझं कपड्यांचं छोटं लेबल आहे. साळगावला घरालगतच्या खोलीत दोन मशीन, एक मास्टर, एक मदतनीस. प्रिंट मी स्वतः काढते, आधी कागदावर जलरंगात आणि मग कॉम्प्युटरवर रिपीट बसवून. कापड बाहेरून स्क्रीन प्रिंट करून घेते.

गेल्या मोसमात शिंपल्यांच्या खिडक्यांचं प्रिंट केलं होतं. आपल्याकडच्या जुन्या घरांच्या खिडक्यांत काचेऐवजी शिंपले बसवलेले असतात, ती चौकटींची जाळी आणि मधूनमधून अबोलीची वेणी. कॉटनवर दीडशेच्या आसपास कपडे गेले. एप्रिलमध्ये एका आठवडी बाजारातल्या स्टॉलवर तेच प्रिंट रेयॉनवर दिसलं, माझ्या निम्म्या किमतीत. पाठोपाठ एका ऑनलाइन विक्रेत्याकडे चक्क माझे फोटो, माझ्याच मॉडेलसकट.

आता नवं प्रिंट तयार आहे. खाजन शेतातली मानस, म्हणजे खाडीचं पाणी आत-बाहेर सोडणारं दार, तिच्या फळ्या, त्यांवरून उतरणारं पाणी आणि खारफुटीची मुळं. हे अजून घराबाहेर कोणाला दाखवलेलं नाही. छपाईला पुढच्या आठवड्यात जाईल, विक्री डिसेंबरात. सोबत एक जॅकेट आहे, एका बाजूला बंद आणि पाठीवर मध्यभागी उलगडणारी मोठी चुणी.

तीन प्रश्न. जुन्या प्रिंटचं आता काही करता येईल का? नव्याचं काय करून ठेवू? आणि जॅकेटच्या कटला काही संरक्षण मिळतं का?

---

चित्रमय

शलाकाताई, घाबरू नका. चित्र तुम्ही काढलं त्या क्षणी कॉपीराइट तुमचा झाला. नोंदणी सक्तीची नाही, पण पुरावा म्हणून करून ठेवा, कलाकृतीची सरकारी फी ५०० रुपये आहे. हक्क तुमच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं. मी चित्रकार आहे, माझ्या कामांची नोंदणी अशीच केली आहे. सर्टिफिकेट हातात आलं की सरळ नोटीस पाठवा त्या स्टॉलवाल्याला.

---

उदय_फोंडा

आमचा काजूचा व्यवसाय आहे. आम्ही पहिल्यांदा नाव रजिस्टर केलं. ट्रेडमार्क, लहान उद्योगाला एका वर्गाची ऑनलाइन फी ४,५०० रुपये. त्यानंतर आमच्या नावाने पाकिटं काढणारे दोघे जण नोटीस मिळाल्यावर थांबले. तुम्ही पण तेच करा, कपड्यांचा वर्ग २५. बाकी कशाची गरज नाही.

---

शलाका_साळगाव

उदयदादा, धन्यवाद, पण माझं नाव कोणी वापरत नाहीये. नाव काढून टाकून चित्र वापरतात, तीच तर अडचण आहे.

---

नीलिमा_पर्वरी

मी बरीच वर्षं डिझाइन आणि ट्रेडमार्कचं काम करते, आधी मुंबईत आणि आता इथे. चित्रमय यांचं म्हणणं चित्राच्या बाबतीत बरोबर आहे, कपड्याच्या बाबतीत नाही. छोटी लेबलं नेमकी इथे फसतात म्हणून सविस्तर लिहिते.

कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्याचं कलम १५. त्यात दोन गोष्टी आहेत. डिझाइन कायद्याखाली नोंदवलेल्या डिझाइनवर कॉपीराइट राहत नाही, ही पहिली. दुसरी जास्त महत्त्वाची: जे डिझाइन नोंदवता आलं असतं पण नोंदवलं नाही, ते लावलेली वस्तू औद्योगिक प्रक्रियेने पन्नासहून जास्त वेळा निघाली की त्या डिझाइनवरचा कॉपीराइट संपतो. मालकाने स्वतः काढल्या काय किंवा त्याच्या परवानगीने दुसऱ्याने काढल्या काय, एकच. आणि संपतो म्हणजे कायमचा.

कापडावरचं प्रिंट हे नोंदवता येण्याजोगं डिझाइन आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने मायक्रोफायबर्स प्रकरणात २००९ मध्ये सोफ्याच्या कापडावरच्या फुलांच्या नक्षीबद्दल हेच धरलं. २०१६ मध्ये रितू कुमार यांच्या कंपनीने बिबाविरुद्ध लावलेला दावाही याच पन्नासच्या आकड्यावर अडला. याउलट तरुण ताहिलियानी यांच्या कंपनीच्या प्रकरणात, २००८ मध्ये, प्रत्येक नक्षीचे कपडे पन्नासच्या आत होते म्हणून कॉपीराइट टिकला आणि मनाई हुकूमही टिकला.

आता शलाका, तुमची खिडकी. दीडशे कपडे गेले म्हणजे कापडापुरता कॉपीराइट गेला असं धरून चाला. आता डिझाइन नोंदणी करू म्हटलं तर तेही नाही, कारण अर्जाच्या आधी डिझाइन जगात कुठेही प्रसिद्ध झालेलं चालत नाही. तुमच्या स्वतःच्या इन्स्टाग्रामवर टाकलेलं असलं तरी ते प्रसिद्धच. मूळ जलरंगाचं चित्र मात्र अजून तुमचं आहे. कोणी त्याचं पोस्टर किंवा कॅलेंडर काढलं तर अडवता येईल. रेयॉनच्या टॉपसाठी नोटीस पाठवलीत तर समोरचा वकील पहिला प्रश्न विचारेल, "किती नग विकले?"

फोटोंचं तसं नाही. फोटोवर पन्नासचा नियम लागत नाही. तुम्ही पैसे देऊन काढून घेतलेले असतील आणि फोटोग्राफरशी उलट करार नसेल तर ते तुमचेच. त्या ऑनलाइन विक्रेत्याची तक्रार आजच करा, प्लॅटफॉर्मच्या कॉपीराइट फॉर्मवर, आणि तक्रार फोटोंची करा, प्रिंटची नाही. मूळ फाइल आणि तारखेसकट तुमची पोस्ट जोडा. तक्रारीत प्रिंटचा वाद घुसवला की उत्तराला फाटे फुटतात.

---

चित्रमय

पन्नासचं मला माहीत नव्हतं. पण मग ५०० रुपयांच्या नोंदणीचा काहीच उपयोग नाही?

---

नीलिमा_पर्वरी

चित्र म्हणून आहे. शिवाय मालावर वापरायच्या कलाकृतीची फी २,००० आहे, आणि त्यासाठी ट्रेडमार्क ऑफिसचा शोध दाखलाही लागतो. पण ते सर्टिफिकेट हातात असलं तरी कलम १५ लागू होतंच. माझ्याकडे असे कितीतरी जण कॉपीराइट सर्टिफिकेट घेऊन येतात आणि तोवर हजार कुर्ते विकून झालेले असतात.

---

प्रथमेश_आसगाव

आमच्या आसगावात दुकान असलेल्या पीपल ट्रीने तर दिओरसारख्या कंपनीला हरवलं ना? योगासनांचं ब्लॉक प्रिंट होतं. म्हणजे भारतातलं लहान लेबल जिंकू शकतं.

---

नीलिमा_पर्वरी

प्रथमेश, ते प्रकरण २०१८ मध्ये कोर्टाबाहेर मिटलं. निकाल लागलाच नाही, त्यामुळे कायद्याचा दाखला म्हणून ते वापरता येत नाही. तिथे एका मासिकाच्या मुखपृष्ठावर मोठ्या ब्रँडचा ड्रेस दिसला, दोन्ही प्रिंट शेजारी ठेवून लोकांनी पाहिले आणि ब्रँडला नावाची काळजी होती. आठवडी बाजारातल्या स्टॉलला नावाची काळजी नसते. त्यामुळे तो मार्ग कोणाविरुद्ध चालेल हे समोरचा कोण आहे यावर ठरतं.

---

अनघा_डिचोली

माझ्या सासूबाई कुणबी साडीच्या चौकटीचे स्टोल विणून घेतात. लाल रंगात पांढरी रेघ. आता सगळेच करायला लागले आहेत. त्यांना हे नोंदवता येईल का? आम्ही फार आधीपासून करतोय.

---

नीलिमा_पर्वरी

अनघा, नाही. ती चौकट पिढ्यान्‌पिढ्या कुणबी-गावडा समाजाच्या अंगावर आहे, ती कोणा एकाची होऊ शकत नाही. "आम्ही आधीपासून करतोय" हे डिझाइन नोंदणीत उलट विरोधात जातं, कारण तिथे नवेपणा लागतो. सासूबाईंनी त्या चौकटीत स्वतःची वेगळी रचना केली असेल आणि ती अजून बाहेर आली नसेल, तर तेवढ्या रचनेपुरता विचार करता येईल. शलाकाला पण हे लागू आहे. शिंपल्याची खिडकी कोणीही काढू शकतं, मानसही. तुमची फक्त तुमची मांडणी.

---

इचलकरंजीकर

मी छपाईच्या धंद्यात आहे. वकिलीचं मला कळत नाही, पण प्रिंट बाहेर कसं जातं ते सांगतो. सगळे म्हणतात इन्स्टाग्रामवरून उचललं. निम्म्या वेळा ते छपाईच्या कारखान्यातूनच गेलेलं असतं.

तुमचे चार रंग म्हणजे चार स्क्रीन. छपाई झाल्यावर त्या स्क्रीन कुठे जातात? पुढच्या ऑर्डरला लागतील म्हणून भिंतीला लावून ठेवतात. सहा महिने तुमची ऑर्डर आली नाही आणि दुसरा गिऱ्हाईक "काहीतरी नवीन दाखवा" म्हणाला, की त्या भिंतीकडे हात जातो. दुसरी वाट सेकंड्सची. रंग पसरलेलं, जोड चुकलेलं कापड किलोवर विकलं जातं. तिसरी म्हणजे स्ट्राइक-ऑफ. रंग जुळवायला मीटरभर छापतात, त्यातला तुकडा सॅम्पलच्या फाइलमध्ये चिकटवून ठेवतात आणि ती फाइल सगळ्यांना दाखवतात.

शलाकाताई, तो रेयॉनचा टॉप विकत आणा, बिल घ्या, आणि तुमच्या कापडाशेजारी ठेवून पट्टीने रिपीट मोजा. एका अबोलीपासून खालच्या त्याच अबोलीपर्यंत. तुमचं ६४ सेंटिमीटर असेल आणि त्याचंही बरोबर ६४, तर स्क्रीन किंवा फाइलच गेली आहे. कोणी कपड्याचा फोटो काढून बनवलं असेल तर माप हटकून थोडं चुकतं, आणि रिपीटच्या जोडावर रेषा लागत नाहीत, कारण शिवलेल्या कपड्यावर पूर्ण रिपीट क्वचितच सपाट मिळतो. मग तो मधला भाग मनाने भरतो. अजून एक बघा. स्क्रीनवर कुठे सुईएवढं भोक राहिलं असेल तर प्रत्येक रिपीटला त्याच जागी बारीक ठिपका पडतो. तो ठिपका त्याच्या कापडावर सापडला तर वादच मिटला.

---

शलाका_साळगाव

आज सकाळी टॉप आणला आणि मोजला. माझा रिपीट ६४, त्याचा ६१ च्या आसपास, आणि सगळीकडे सारखाही नाही. जाळीचे चौकोन डाव्या बाजूला नीट आहेत, उजवीकडे एक ओळ अरुंद झाली आहे. वेणीतल्या पाकळ्या माझ्याकडे सुट्या आहेत, त्याच्यात चिकटून एक पट्टा झाला आहे. ठिपका वगैरे काही नाही.

---

इचलकरंजीकर

म्हणजे तुमचा प्रिंटर स्वच्छ आहे. कपडा किंवा फोटो समोर ठेवून कोणीतरी फाइल परत काढली. पाकळ्या चिकटणं म्हणजे फोटोतून रंग कमी करताना बारीक फटी बुजल्या.

तरी नव्या प्रिंटच्या वेळी ऑर्डरवर चार ओळी लिहून घ्या. फाइल, फिल्म आणि स्क्रीन तुमच्या मालकीच्या. काम झालं की स्क्रीन परत, नाहीतर तुमच्या समोर धुऊन टाकायच्या. सेकंड्स आणि स्ट्राइक-ऑफ मोजून परत. दिलेलं कोरं कापड आणि आलेलं छापील कापड चलनावर मीटरमध्ये जुळलं पाहिजे, घट किती ते आधी ठरवा. चांगला प्रिंटर यावर सही करतो. जो "आमच्याकडे असं नसतं" म्हणतो, त्याच्याकडे मी माझं काम दिलं नसतं.

---

नीलिमा_पर्वरी

या चार ओळींत एक पाचवी घाला: "हे डिझाइन गोपनीय आहे, नोंदणीसाठी जायचं आहे." आता नव्या प्रिंटबद्दल.

डिझाइन कायदा २००० चा. अर्ज ऑनलाइन करता येतो, काम कोलकात्याच्या डिझाइन ऑफिसमधून चालतं. फॉर्म १, आणि व्यक्ती, स्टार्टअप किंवा लहान उद्योगासाठी सरकारी फी १,००० रुपये. वकील लावलात तर त्याची फी वेगळी. मुदत दहा वर्षं, वाढवून पंधरा.

वर्ग निवडताना लोक चुकतात. नोंदणी ज्या वर्गात, त्या वर्गातल्या वस्तूंपुरताच हक्क. कापड वर्ग ०५-०५ मध्ये येतं, कपडे ०२-०२ मध्ये, चादरी-पलंगपोस ०६-१३ मध्ये. तुम्ही फक्त कापडात नोंदवलं आणि कोणी शिवलेला टॉप विकला तर समोरचा वर्गाचा वाद घालणार. म्हणून मी तुम्हाला दोन अर्ज सांगेन, एकाच दिवशी, ०५-०५ आणि ०२-०२. दोन हजार रुपये. कुशन-पलंगपोस करायचा विचार असेल तर तिसरा.

अर्जात प्रिंटचं स्वच्छ चित्र लागतं, एक पूर्ण रिपीट आणि तो जोडून कसा दिसतो ते. खाली एक वाक्य, की नावीन्य चित्रात दाखवलेल्या पृष्ठभागावरच्या नक्षीत आहे. रंगावर हक्क सांगू नका, शक्यतो काळ्या-पांढऱ्यातच चित्र द्या. नाहीतर समोरचा हिरव्याचा निळा करून "हे वेगळं" म्हणायला मोकळा. लेबलचं नाव किंवा लोगो नक्षीत घातला असेल तर अर्जासाठी काढून टाका. ट्रेडमार्क डिझाइनच्या व्याख्येत बसत नाही, हरकत येते.

परीक्षकाची हरकत आली तर अर्जाच्या तारखेपासून सहा महिन्यांत सगळं पुरं करावं लागतं, अजून तीन महिने मागता येतात. त्यानंतर अर्ज बाद. हक्क मात्र अर्जाच्या तारखेपासून मोजला जातो, म्हणून सर्टिफिकेटची वाट पाहत विक्री थांबवायची गरज नाही. अर्ज झाल्याच्या दुसऱ्या दिवशी इन्स्टाग्रामवर टाकलं तरी चालेल. दावा लावायला मात्र नोंदणी पूर्ण व्हावी लागते.

---

शलाका_साळगाव

म्हणजे छपाईच्या आधी अर्ज. पण प्रिंटरला दाखवणं हीच प्रसिद्धी झाली तर? आणि आसगावच्या एका दुकानाला मी दरवर्षी सप्टेंबरात पीडीएफ पाठवते, त्यावरून त्या डिसेंबरची ऑर्डर देतात.

---

नीलिमा_पर्वरी

प्रिंटरला विश्वासाने दाखवणं म्हणजे प्रसिद्धी नाही, डिझाइन कायद्याच्या कलम १६ मध्ये तशी सोय आहे. त्याच कलमात कापडाच्या डिझाइनसाठी एक खास सवलत आहे जी फार कमी जणांना ठाऊक असते: नोंदणीच्या इराद्याने असलेल्या नव्या कापड-डिझाइनची पहिली, गोपनीय ऑर्डर स्वीकारली तर तेवढ्याने नोंदणी बाधित होत नाही. म्हणजे त्या दुकानाची पहिली ऑर्डर यात बसू शकते, पण ती गोपनीय होती हे कागदावर दिसायला हवं. पीडीएफच्या पहिल्या पानावर तसं लिहा आणि मेलमध्येही लिहा. दुकानवालीने ते पान आपल्या ग्राहकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं की मग भांडायला वकील लागेल.

प्रदर्शनात आधी मांडायचं असेल तर कलम २१ आहे, पण ते सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांपुरतं, आधी कळवून आणि सहा महिन्यांत अर्ज करून. गावातल्या पॉप-अपला ते लागू नाही.

हे सगळं मी सांगते ते अडचणीत सापडलेल्यांसाठी. तुमच्याकडे अजून वेळ आहे. आधी अर्ज, मग प्रिंटर, मग दुकान.

---

प्रथमेश_आसगाव

पण समोरच्याने ३० टक्के बदल केला तर कॉपी होत नाही ना? आमच्या कॉलेजात तसं शिकवलं होतं.

---

नीलिमा_पर्वरी

असा कुठलाही टक्का कायद्यात नाही. कलम २२ विचारतं ते एवढंच, की उघड किंवा फसवणुकीची नक्कल आहे का, आणि ते डोळ्यांनी ठरवतात. फळ्यांची दिशा, पाण्याच्या रेषांची लय, मुळांची जागा, हे एकत्र पाहून खरेदीदाराला तेच वाटतं का? शलाकाच्या टॉपमध्ये मापं चुकली आहेत, पाकळ्या चिकटल्या आहेत, तरी ती नक्कलच. नोंदणी असती तर हे प्रकरण मी आनंदाने घेतलं असतं.

पैशांबद्दलही स्पष्ट सांगते. त्या कलमात ठरीव रक्कम मागायची सोय आहे, प्रत्येक उल्लंघनाला २५,००० पर्यंत आणि एका डिझाइनसाठी एकूण ५०,००० च्या वर नाही. दुसरी वाट म्हणजे नुकसानभरपाई आणि मनाई हुकुमाचा दावा, जिल्हा न्यायालयात. लहान लेबलला खरा उपयोग मनाई हुकुमाचा, तोही मोसम सुरू असताना मिळाला तर. समोरचा बहुतेक वेळा म्हणतो की तुमची नोंदणीच चुकीची, हे डिझाइन आधी प्रसिद्ध होतं. मग प्रकरण उच्च न्यायालयाकडे जातं. तो सगळ्यात आधी काय शोधेल? तुमचं स्वतःचं इन्स्टाग्राम. अर्जाच्या तारखेआधीची एक स्टोरी, मागे भिंतीवर टांगलेला नमुना, तेवढं त्याला पुरतं.

---

मास्टर_मडगाव

जॅकेटवर कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. मी पॅटर्न कापतो, तीस वर्षं हेच काम. कट कॉपी करायला आम्हाला काही लागत नाही. एक नग विकत आणायचा, शिवण उसवायची, भाग कागदावर ठेवून आखायचे, मग मापं वर-खाली करायची. दोन दिवसांचं काम. बाजूला बंद म्हणाल तर अंगरख्याला आहेत. पाठीची चुणी मी कोटाला घातली आहे. यात नवीन काय ते ताईंनीच सांगावं.

---

शलाका_साळगाव

मास्टर, साध्या चुणीसारखी नाही ती. वरून बंद आहे, कमरेच्या वर सुटते आणि आत दुसऱ्या रंगाचं कापड कळीसारखं उघडतं. चालताना दिसते. कॉलर नाहीच, पुढची कड तिरपी जाऊन त्याच चुणीत मिळते.

---

मास्टर_मडगाव

कड चुणीत मिळते हे मी पाहिलेलं नाही. तेवढं वेगळं आहे.

---

नीलिमा_पर्वरी

मास्टरांनी माझं अर्धं काम केलं. सिल्हूट नोंदवता येतं, पण आकार आणि रचना नवी असली तरच, आणि जी डोळ्यांना दिसते तीच. शिवायची पद्धत, चुणी कशी उघडते याची युक्ती, हे बांधणीत मोडतं, त्यावर हक्क मिळत नाही. "सैल, एका बाजूला बंद असलेलं जॅकेट" ही कल्पना कोणाचीच नाही. तुमचा अर्ज फक्त त्या पाठीपुरता: पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी आणि मागचा भाग जवळून दाखवणारी चित्रं, आणि नावीन्य तिरपी कड चुणीत मिळण्याच्या रचनेत आहे असं वाक्य. कोणी चुणी ठेवून कड सरळ केली, तर हातातून निसटलं. प्रिंटच्या नोंदणीला दात असतात, कटाच्या नोंदणीला फार थोडे. हजार रुपये घालायला हरकत नाही, पण त्यावर मोसमाचा हिशेब मांडू नका.

ज्याला खरंच काही संरक्षण नाही तेही सांगते. रंगसंगती, "गोव्याचा फील", ओव्हरसाइज फिट, लिननवर खारफुटी ही कल्पना, तुमच्या फोटोंचा एकूण मूड. यापैकी काहीही कोणीही उद्यापासून करू शकतो.

आणि उदय यांचा ट्रेडमार्क निरुपयोगी नाही. तुमचं विणलेलं लेबल, टॅग, किंवा प्रत्येक कपड्यावर कायम एकाच जागी असणारी छोटी खूण यांना तो संरक्षण देतो, आणि योग्य वेळी नूतनीकरण करत राहिलात तर मुदत संपत नाही. फक्त तो नक्षीला वाचवत नाही.

---

अनघा_डिचोली

मग पन्नासच्या आतच विकायचं असं ठरवलं तर? मी स्वतः लाकडी ठशांनी हाताने छापते, एका नक्षीचे चाळीस दुपट्टे. आणि हाताने छापणं ही औद्योगिक प्रक्रिया कशी काय?

---

नीलिमा_पर्वरी

चाळीसवर थांबत असाल तर तुमची बाजू चांगली आहे, ताहिलियानी प्रकरण तुमच्या कामाचं आहे. पण प्रत्येक नक्षीची नोंदवही ठेवा, किती छापले, कोणाला गेले. पन्नासच्या आत होतो हे तुम्हालाच दाखवावं लागेल.

ठशांच्या छपाईचा मुद्दा मी स्वतः मांडला आहे आणि समोरून त्याला जोरदार विरोधही ऐकला आहे. एकच ठसा, तीच नक्षी, परत परत, हे पुरेसं आहे असं ते म्हणतात. मीटरच्या कापडात पन्नास कशाचे मोजायचे, कपड्यांचे, ताग्यांचे की रिपीटचे, यावरही वाद घालता येतो. २०२५ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्रायोगॅस प्रकरणात कलम १५ साठी दोन पायऱ्यांची कसोटी घालून दिली: आधी वस्तू निव्वळ कलाकृती आहे की कलाकृतीवरून औद्योगिक प्रक्रियेने निघालेलं डिझाइन, आणि तिथे उत्तर मिळालं नाही तर तिचा मुख्य उपयोग कामाचा आहे की सौंदर्याचा. ते प्रकरण एलएनजी वाहून नेणाऱ्या ट्रेलरच्या रेखाचित्रांचं होतं. हाताच्या छपाईला ती कसोटी कशी लागेल यावर माझं आणि माझ्या सहकाऱ्यांचं एकमत नाही. म्हणून एक्कावन्नावा दुपट्टा छापायची शक्यता असेल तर आधी हजार रुपये भरा.

---

चित्रमय

माझं मत थोडं वेगळं आहे. मी चित्र विकतो, कापड नाही, तरी लिहितो. चाळीसच नग, प्रत्येकावर क्रमांक, हे लहान लेबलला शोभणारंच आहे. सगळ्यांनी मोठं व्हायलाच हवं असं नाही.

---

शलाका_साळगाव

चित्रमय, दोन माणसांचा पगार चाळीस नगांत निघत नाही. पण जलरंगातली मूळ चित्रं क्रमांक घालून वेगळी विकायचा विचार तुमच्यामुळे सुचला, ती तशीही माझीच आहेत.

ऑनलाइन विक्रेत्याची फोटोंची तक्रार काल केली, दोन फोटो उतरले, तिसऱ्यावर उत्तर यायचं आहे. खिडकीचं प्रिंट सोडून देते. मानशीचा अर्ज दोन्ही वर्गांत या आठवड्यात जाईल, काळ्या-पांढऱ्यात. छपाई आठ दिवस पुढे ढकलली. जॅकेटचाही टाकते, फक्त पाठीसाठी. नीलिमाताई, एक शेवटचं. मानशीचं प्रिंट छापून आलं की मी पाण्याच्या रेषा कमी करून त्याचं दुसरं, विरळ रूप करणार आहे. त्याला वेगळा अर्ज लागेल का?

---

नीलिमा_पर्वरी

पहिलं बाहेर आल्यावर दुसऱ्याचा अर्ज टाकलात तर तुमचंच पहिलं त्याच्या नवेपणाच्या आड येऊ शकतं, फरक किती मोठा यावर ते अवलंबून. विरळ रूप आताच काढून ठेवा आणि त्याच दिवशी दाखल करा. छपाई तशीही आठ दिवस लांबली आहे.

---

इचलकरंजीकर

आणि ताई, विरळ रूपाला त्याच स्क्रीन वापरू नका, पाण्याच्या रंगाची एक नवी बनवा. जुनी झाकून छापलं तर कडेला सावली येते.